सरकवून टाकलेलं नोटिफिकेशन परत कसं वाचायचं?

फोन हातात घेतला की आपण आधी साफसफाई करतो. वरचा पडदा खाली ओढायचा, कर्जाची जाहिरात उजवीकडे ढकलायची, सवलतीचा मेसेज डावीकडे, आणि तरीही रांग संपत नाही म्हटल्यावर तळाचं `Clear all` दाबून मोकळं व्हायचं. बोट उचलताउचलता डोळ्यांना एक ओळ दिसते. 'उद्या सकाळी...' असं काहीतरी. तोवर पडदा कोरा झालेला असतो. कोणाचं होतं, कुठल्या अ‍ॅपचं होतं, उद्या सकाळी काय होतं, काहीच कळत नाही. कॉम्प्युटरवर चुकून पुसलेलं परत आणायला एक बटण असतं, तसं इथे नाही.

पण बहुतेक अँड्रॉइड फोनांमध्ये अशा वेळी उपयोगी पडणारी एक नोंदवही आहे. तिचं स्क्रीनवरचं नाव `Notification history`. अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून ती फोनच्या सेटिंग्जमध्येच आलेली आहे. त्यासाठी वेगळं अ‍ॅप लागत नाही, पैसे लागत नाहीत. अडचण एकच, आणि ती मोठी आहे. ही नोंदवही मुळात बंद असते, आणि बंद असताना तिच्यात काहीही उतरत नाही. ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी ती सुरू करून उपयोग नसतो. ती आधीपासून सुरू असावी लागते.

ती कशी सुरू करायची ते लगेच पुढे येतंच. त्याआधी नोटिफिकेशन म्हणजे नेमकं काय, हे थोडं समजून घेतलं तर शोधाशोध निम्म्यानं कमी होते. आपण घरी नसताना पोस्टमन सही लागणारं पत्र घेऊन आला, तर दारात एक चिठ्ठी टाकून जातो. चिठ्ठी हरवली म्हणून पत्र हरवत नाही. ते पोस्टातच असतं. नोटिफिकेशन ही तशी चिठ्ठी आहे. व्हॉट्सअ‍ॅपचं नोटिफिकेशन सरकवलं तरी मेसेज त्या चॅटमध्ये असतोच. एसएमएसचं सरकवलं तरी एसएमएस मेसेजच्या यादीत असतो, मेलचं सरकवलं तरी मेल इनबॉक्समध्ये. अ‍ॅप फक्त अँड्रॉइडला सांगतं, 'ही एक ओळ पडद्यावर दाखव', आणि आपण सरकवतो ती ही ओळ. त्यामुळे मेसेज कोणाचा होता एवढं आठवत असेल, तर नोंदवहीच्या मागे लागायची गरजच नाही. थेट त्या अ‍ॅपमध्ये जाऊन पाहावं.

इथे लोकांची एक गल्लत हमखास होते. नोटिफिकेशन पडद्यावरून सरकवणं वेगळं आणि अ‍ॅपच्या आतल्या यादीत एखादी ओळ सरकवणं वेगळं. गूगलच्या मेसेजेस अ‍ॅपमध्ये किंवा जीमेलच्या यादीत बोट आडवं फिरलं, तर सहसा ते संभाषण `Archive` होतं, म्हणजे यादीतून उचलून बाजूला ठेवलं जातं. तेही नाहीसं झाल्यासारखं वाटतं, पण ते पुसलेलं नसतं. मेसेजेसमध्ये ते `Archived` या भागात आणि जीमेलमध्ये `All mail` मध्ये सापडतं. फोननं एखादा एसएमएस नकोसा ठरवला असेल तर तो `Spam & blocked` मध्ये जाऊन पडलेला असू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या यादीत अगदी वर `Archived` अशी एक ओळ असते, तिथे कधीकाळी बाजूला ठेवलेली चॅट्स असतात. या तीनचार जागा आधी पाहून घ्याव्यात. दहापैकी बऱ्याच वेळा शोध इथेच संपतो.

मग नोंदवहीचा खरा उपयोग कधी? एक, नोटिफिकेशन कुठल्या अ‍ॅपचं होतं हेच कळलं नाही तेव्हा. दोन, ज्या अ‍ॅपमध्ये जुने निरोप साठवायची जागाच नाही, किंवा आहे पण सापडत नाही, तेव्हा. आणि तीन, ज्यानं पाठवलं त्यानं मागाहून ते मागे घेतलं तेव्हा. यातल्या तिसऱ्याबद्दल पुढे स्वतंत्र बोलू, कारण त्यात तंत्राखेरीजही काही आहे.

आता सुरू करण्याची रीत. पिक्सेलसारख्या साध्या अँड्रॉइड फोनवर सेटिंग्ज उघडा, `Notifications` मध्ये जा, तिथे `Notification history` दिसेल. ते उघडलं की वर `Use notification history` असं लिहिलेलं बटण आहे. ते सुरू करा. सॅमसंगच्या फोनवर एक पायरी जास्त आहे: सेटिंग्ज, मग `Notifications`, मग `Advanced settings`, आणि त्यात `Notification history`. बाकीच्या कंपन्या सेटिंग्जची मांडणी आपापल्या मर्जीनं करतात आणि दर अपडेटला बदलतात, म्हणून त्यांचा पत्ता पाठ करण्यात अर्थ नाही. सेटिंग्जच्या अगदी वर शोधायची पट्टी असते, तिच्यात `notification history` टाइप करावं. फोन मराठीत ठेवला असेल तर 'सूचना' किंवा 'नोटिफिकेशन' लिहून पाहावं आणि निकालात 'इतिहास' हा शब्द असलेली ओळ उघडावी. काही फोनांवर कंपनीनं ही सोय दिसेनाशी केलेली असते, तिथे शोधूनही ती मिळत नाही.

बटण दाबल्यावर पान जवळजवळ रिकामं दिसतं. हे पाहून बरेच जण 'चालत नाही' म्हणून ते लगेच बंद करतात. ते चालत असतं. फक्त त्याची सुरुवात आत्ता झालेली असते. बटण सुरू करण्याच्या आधी सरकवलेलं काहीही या पानावर येणार नाही, कारण ते कुठे उतरवून ठेवलेलंच नव्हतं. दोनचार तासांनी पुन्हा उघडा, पान भरलेलं दिसेल. बऱ्याच फोनांवर बटण सुरू केल्यानंतर पडद्याच्या तळाशी `History` असा शब्द किंवा घड्याळाचं चिन्हही येतं. मग दर वेळी सेटिंग्जमध्ये शिरावं लागत नाही. पडदा ओढला, तळाशी टेकलं, की नोंदवही समोर.

या पानाचे साधारण दोन भाग असतात. वर `Recently dismissed`, म्हणजे नुकतीच सरकवलेली मोजकी नोटिफिकेशन्स. खाली गेल्या चोवीस तासांची नोंद, अ‍ॅपवार लावलेली. एखादं नोटिफिकेशन तुम्ही 'थोड्या वेळानं आठवण कर' म्हणून पुढे ढकललं असेल, तर `Snoozed` असा एक तिसरा भागही दिसतो. खालच्या भागात अ‍ॅपचं नाव, त्याची किती नोटिफिकेशन्स आली तो आकडा, आणि नावावर टेकलं की आतल्या ओळी वेळेसकट उलगडतात. वरच्या भागातल्या ओळीवर टेकलं तर बहुधा ते अ‍ॅप उघडतं. खालच्या भागातल्या ओळीवर टेकलं तर अनेक फोनांवर त्या प्रकारच्या नोटिफिकेशनच्या सेटिंग्ज उघडतात, मेसेज नव्हे. त्यानं गोंधळू नये, मागे यावं. खालचा भाग वाचण्यासाठी आहे.

आणखी एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. खालच्या भागात नोटिफिकेशन उतरतं ते आल्यावर, सरकवल्यावर नव्हे. त्यामुळे तुम्ही ते सरकवलं, `Clear all` नं उडवलं, टेकून उघडलं किंवा अ‍ॅपनं स्वतःच काढून घेतलं, तरी नोंद राहते. वरचा भाग मात्र फोनच्या चालू स्मृतीत असतो, फोन बंद करून सुरू केला की तो रिकामा होतो. म्हणून वरच्या भागात नाही मिळालं तर निराश न होता खाली, अ‍ॅपवार यादीत पाहावं.

हे सगळं प्रत्यक्षात कसं उपयोगी पडतं, ते आमच्या शेजारच्या वहिनींकडे पाहायला मिळालं. त्यांचा मुलगा पाचवीत आहे. सॅमसंगचा फोन, त्यातली नोंदवही मी काही आठवड्यांपूर्वीच सुरू करून दिली होती, आणि त्या ते विसरूनही गेल्या होत्या. रविवारी रात्री पोळ्या लाटताना फोन वाजला, पिठाच्या हातानं त्यांनी पडदा ओढला आणि तळाचं बटण दाबून सगळं एकदम पुसलं. पुसता पुसता 'उद्या' आणि 'बस' एवढे दोन शब्द दिसले. त्यांनी आधी एसएमएस पाहिले, मग पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. ग्रुपवर कोणीच काही बोललं नव्हतं. मग दार वाजवलं. "अहो दादा, बसचं काहीतरी होतं हो. उद्या बस येणारच नाही की काय, कोण जाणे."

नोंदवही उघडली. वरच्या भागात पाच-सहा ओळी होत्या, पण `Clear all` नं एकदम बरंच उडालं असल्यामुळे हवी ती ओळ त्यात नव्हती. खालच्या भागात अ‍ॅपांची रांग होती: व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यात वर, भलामोठा आकडा घेऊन, मग बँक, मग किराणा पोचवणारं एक अ‍ॅप, मेसेजेस, आणि बरंच खाली शाळेचं अ‍ॅप, आकडा २. शाळेनं जूनमध्ये ते सगळ्या पालकांना घ्यायला लावलं होतं. फी भरली तेव्हा एकदा उघडलं, त्यानंतर वहिनी त्याच्याकडे फिरकल्याच नव्हत्या. म्हणूनच त्यांच्या डोक्यात ते आलं नाही. नावावर टेकलं. आतल्या दोन ओळींपैकी एक सकाळची होती, गृहपाठाबद्दलची. दुसरी ८ वाजून ३८ मिनिटांची: उद्या सोमवारी बस ७.१० ऐवजी ६.५५ ला थांब्यावर येईल, पालकांनी विद्यार्थ्यांसोबत... आणि तिथे ओळ तुटली होती.

वहिनी म्हणाल्या, "पुढचं कुठाय?" पुढचं नोंदवहीत नव्हतंच. शाळेच्या अ‍ॅपनं नोटिफिकेशनमध्ये तेवढाच मजकूर पाठवला होता. आणि पडद्यावर जे येतं त्याहून जास्त नोंदवहीला ठाऊक नसतं. पण अ‍ॅप कुठलं ते आता कळलं होतं. ते उघडलं, त्यात घंटेचं चिन्ह होतं, त्याखाली पूर्ण सूचना होती: ओळखपत्र आणि सहलीचं संमतीपत्र सोबत द्यावं. संमतीपत्र दप्तरातच, सही न झालेलं होतं. सही झाली आणि मुलगा ६.५५ च्या बसनं गेला.

माझ्या मते या सोयीचं सर्वांत मोठं काम हेच आहे. ती संपूर्ण निरोप परत देईलच असं नाही, पण तो कुठून आला आणि किती वाजता आला हे ती जवळजवळ नेहमी सांगते. आज एका फोनमध्ये बँका दोन, विमा, वीजबिल, गॅस, शाळा, सोसायटी, डॉक्टरांची वेळ देणारं अ‍ॅप असं सगळं असतं, आणि प्रत्येकाची सूचना ठेवायची जागा निराळी. नाव आणि वेळ मिळाली की उरलेला शोध दोन मिनिटांचा होतो. वेळेचा आणखी एक फायदा म्हणजे पडताळणी. 'मी तुला दुपारीच कळवलं होतं' असं कोणी म्हणालं, तर तुमच्या फोनवर ते किती वाजता पोचलं हे इथे दिसतं.

आता मर्यादा. चोवीस तास ही पहिली. कालच्या या वेळेपेक्षा जुनं नोंदवहीत राहत नाही, आणि ही मुदत वाढवायची सोय सेटिंग्जमध्ये नाही. म्हणून काही हरवल्याचं लक्षात आलं की 'रविवारी निवांत बघू' म्हणू नये. सापडलेली ओळ महत्त्वाची असेल तर तिचा लगेच स्क्रीनशॉट घ्यावा किंवा कागदावर उतरवून घ्यावी.

दुसरी मर्यादा मजकुराची. नोंदवहीत शब्द राहतात. फोटो, व्हिडिओ, आवाजी मेसेज राहत नाहीत. कोणी लग्नपत्रिकेचा फोटो पाठवला असेल तर तिथे फक्त छोटं कॅमेऱ्याचं चिन्ह आणि 'फोटो' एवढाच शब्द मिळेल. फार लांब मजकूर कापला जातो. काही बँकांची अ‍ॅप्स नोटिफिकेशनमध्ये रक्कम न लिहिता 'तुमच्या खात्यात व्यवहार झाला' एवढंच पाठवतात, नोंदवहीतही तेवढंच. एखाद्या चॅटिंग अ‍ॅपमध्ये तुम्ही स्वतःच नोटिफिकेशनमध्ये मजकूर दाखवू नको अशी सेटिंग केली असेल, तर इथे फक्त 'नवा मेसेज' सापडेल.

तिसरी मर्यादा जरा चकवणारी आहे. मुळात नोटिफिकेशन आलंच नसेल तर नोंद कुठून होणार? ज्या वेळी तुम्ही एखादं चॅट उघडून बसलेले असता, त्या वेळी त्या चॅटमधल्या मेसेजचं नोटिफिकेशन येत नाही. ज्या अ‍ॅपची नोटिफिकेशन्स बंद केली आहेत त्याचंही नाही. बॅटरी वाचवण्याच्या नादात काही फोन मागे चालणारी अ‍ॅप्स थांबवतात, तेव्हाही नाही. आणि डेटा बराच वेळ बंद ठेवून मग सुरू केला, तर एका माणसाचे साताठ मेसेज एकदम येऊन कोसळतात. अशा वेळी अ‍ॅप सगळ्यांचं मिळून एकच नोटिफिकेशन टाकू शकतं, आणि नोंदवहीत त्यातला शेवटचा मेसेजच उतरलेला सापडतो. दिवसभर डेटा सुरू असेल, मेसेज एकेक करून आले असतील, तर नोंद बरीच पूर्ण मिळते.

काही जण नोंद स्वतःच्याच हातानं घालवतात, तेही घाईघाईत काहीतरी दुरुस्त करायला जाऊन. नोंदवही नीट दिसत नाही म्हणून तिचं बटण बंद करून पुन्हा सुरू केलं, तर आधीची सगळी नोंद पुसली जाते. बंद करणं म्हणजे थांबवणं नव्हे, कोरं करणं. तसंच, हरवलेला मेसेज परत येईल या आशेनं अ‍ॅप काढून टाकून पुन्हा घेतलं, तर त्या अ‍ॅपची नोंदवहीतली सगळी पानं जातात. म्हणून काहीतरी शोधायचं असेल तेव्हा क्रम पक्का ठेवावा: आधी नोंदवही, मग अ‍ॅप, आणि अ‍ॅप काढणं, बॅकअप परत आणणं वगैरे उद्योग अगदी शेवटी. आणि ही नोंद तुमच्या फोनमध्येच राहते, गूगल खात्यात जात नाही. फोन बदलला की नवी नोंदवही कोरीच सुरू होते.

अँड्रॉइड १० किंवा त्याआधीचे फोन अजून बऱ्याच घरांत आजी-आजोबांकडे असतात. त्यांच्यावर ही सोय या रूपात नाही. पण होमस्क्रीनवर बोट दाबून धरलं, विजेट्सच्या यादीतून `Settings shortcut` निवडलं, तर येणाऱ्या यादीत काही फोनांवर `Notification log` असतं. त्याचं चिन्ह होमस्क्रीनवर येतं. ते पान रुक्ष आहे, तांत्रिक शब्दांनी भरलेलं आहे, कित्येकदा नुसतं अ‍ॅपचं नाव आणि शीर्षक दाखवतं, आणि फोन बंद करून सुरू केला की रिकामं होतं. तरीही 'कोणाचं होतं' या प्रश्नाचं उत्तर ते देऊ शकतं. आयफोनवर मात्र अशी नोंदवही नाही. तिथे न पुसलेली जुनी नोटिफिकेशन्स लॉकस्क्रीनच्या मधून बोट वर नेलं की दिसतात. पण एकदा पुसलं की ते नोटिफिकेशन परत वाचायचा मार्ग नाही. आयफोनवाल्यांनी सरळ संबंधित अ‍ॅपमध्येच शोधावं, आणि `Clear` दाबण्याआधी एकदा नजर फिरवावी.

आता तो तिसरा प्रसंग. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी मेसेज पाठवतो आणि मग 'सगळ्यांसाठी डिलीट' करतो. आपल्याला चॅटमध्ये 'हा मेसेज डिलीट केला आहे' एवढंच दिसतं. पाठवणाऱ्याला असं मागे घ्यायला व्हॉट्सअ‍ॅप दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ देतं. मेसेज आला तेव्हा त्याचं नोटिफिकेशन तुमच्या पडद्यावर मजकुरासकट आलं असेल आणि नोंदवही सुरू असेल, तर चोवीस तासांच्या आत तो मजकूर तिथे बहुधा वाचता येतो. कारण अ‍ॅपनं चॅटमधून मेसेज काढला, पडद्यावरून नोटिफिकेशनही काढलं, पण अँड्रॉइडनं आधीच उतरवून घेतलेली ओळ सहसा तशीच राहते.

याचा रास्त उपयोग होतो, हे मी नाकारणार नाही. कोणी धमकी देऊन ती पुसली, पैशांचा शब्द देऊन तो मागे घेतला, मुलीला वाईटसाईट लिहून मग निष्पाप चेहरा केला, तर ती ओळ आणि तिची वेळ असलेला स्क्रीनशॉट तक्रारीला आधार देतो. पण रोजच्या नात्यांत, एखाद्या मैत्रिणीनं रागाच्या भरात लिहून पुढच्याच मिनिटाला मागे घेतलेलं वाक्य शोधून काढणं मला पटत नाही. तिनं ते मागे घेतलं, हेच तिचं खरं म्हणणं आहे. तिथे नोंदवहीत डोकावू नये, असं मला मनापासून वाटतं.

आणि हीच गोष्ट आपल्या बाजूनंही आहे. नोंदवही सुरू केली म्हणजे फोनमध्ये आणखी एक जागा तयार झाली, जिथे गेल्या चोवीस तासांतले ओटीपी, बँकेचे आकडे, खाजगी मेसेज एकत्र लावून ठेवलेले आहेत. लॉकस्क्रीनवर मजकूर झाकून ठेवला असला तरी फोन उघडल्यावर हे पान उघडं असतं. ज्याच्या हाती उघडा फोन गेला, त्याला ते वाचायला कोणी अडवत नाही. म्हणून फोनला पिन किंवा बोटाचा ठसा हवाच, आणि फोन दुरुस्तीला देताना किंवा कोणाला काही दिवसांसाठी देताना नोंदवही बंद करावी. बंद केली की ती पुसली जाते, हे आपण वर पाहिलंच. इथे तेच हवं असतं.

खरा धोका मात्र या सोयीत नसून तिच्या नावानं मिळणाऱ्या बाहेरच्या अ‍ॅप्समध्ये आहे. 'डिलीट केलेले मेसेज वाचा', 'नोटिफिकेशन परत मिळवा' असं सांगणारी कितीतरी अ‍ॅप्स आहेत. काहींना चोवीस तासांहून जुनं हवं असतं, काहींच्या फोनवर मूळ सोय नसते, म्हणून लोक ती घेतात. ही अ‍ॅप्स चालण्यासाठी एक खास परवानगी मागतात: तुमच्या फोनवर येणारं प्रत्येक नोटिफिकेशन वाचण्याची. त्यात बऱ्याच फोनांवर बँकेचा ओटीपीसुद्धा येतो. ही परवानगी देताना अँड्रॉइड स्पष्ट इशारा दाखवतो, पण घाईत आपण तो न वाचता `Allow` दाबतो. त्यातही जे अ‍ॅप प्ले स्टोअरवरून न घेता कोणीतरी पाठवलेल्या फाइलमधून टाकलं असेल, त्याला ही परवानगी कधीच देऊ नये. अँड्रॉइड १३ पासून अशा अ‍ॅपला ही परवानगी द्यायला गेलं की फोन आधी अडवतो आणि सेटिंग बंधनात असल्याचं सांगतो. तेव्हा पलीकडून कोणी फोनवर 'तिथे जाऊन हे बंधन काढा' असं शिकवत असेल, तर तो तुमचा हितचिंतक नाही. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या माणसानं असं सांगितलं तर फोन ठेवून द्यावा, आणि पैसे गेलेच असतील तर तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवावं.

नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी तुमच्या फोनवर आज कोणाकोणाला आहे, हे पाहणं अवघड नाही. सेटिंग्जमध्ये `Apps`, त्यात `Special app access`, आणि त्यातल्या यादीत नोटिफिकेशनचा उल्लेख असलेली ओळ. फोनप्रमाणे तिचं नाव `Notification access`, `Device & app notifications` किंवा `Notification read, reply & control` असं काहीसं असतं. उघडल्यावर अ‍ॅप्सची दोन गटांत विभागणी दिसते, परवानगी असलेली आणि नसलेली. मनगटी घड्याळाचं अ‍ॅप तिथे असेल तर ते साहजिक आहे; घड्याळावर मेसेज दाखवायला त्याला ती लागते. गाडीच्या स्क्रीनला फोन जोडणारं अ‍ॅप असेल तर तेही समजण्यासारखं आहे. पण टॉर्च, राशिभविष्य, वॉलपेपर किंवा कधी घेतलं तेच न आठवणारं एखादं अ‍ॅप परवानगी असलेल्यांच्या गटात दिसलं, तर त्याच्यासमोरचं बटण तिथल्या तिथे बंद करावं आणि ते अ‍ॅप काढून टाकावं.